पाचपट फुगलेलं गॅदरिंग

आमचं मराठी कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे काना-मात्रा सांभाळून घ्या. पण यंदाच्या गॅदरिंगच्या व्हिडिओचं एडिटिंग माझ्या गळ्यात पडलं आणि त्यात जे गणित कळलं, ते मराठीतच सांगावंसं वाटलं.

सामग्री अशी होती : दोन भाड्याचे कॅमेरे, प्रत्येकी दोन तासांचं शूटिंग, म्हणजे एकूण चार तास. फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम्स, १०० मेगाबिट. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी आणि चार तासांचे १८० जीबी. हे सगळं माझ्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर उतरवलं आणि कॅमेरे कार्डांसकट परत गेले. मेसमधल्या काकांनी रिटायर होताना स्टेजवर म्हटलेलं गाणं आता जगात फक्त त्या डिस्कवर होतं!

एडिटिंग सुरू केलं आणि लॅपटॉप रडायला लागला. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर सीपीयू १०० टक्के आणि डिस्क मात्र निवांत. कारण सोपं आहे. कॅमेरा एच.२६४ मध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे अधूनमधून एकच फ्रेम पूर्ण साठवतो आणि बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढंच. आपल्या जर्नलसारखंच की! एकीने पूर्ण लिहायचं, बाकीच्यांनी 'वरीलप्रमाणे'. मधली एखादी फ्रेम हवी असली की सॉफ्टवेअरला आधी ती पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुढे सगळं उलगडत यावं लागतं. एडिटिंगमध्ये तर आपण सारखे पुढे-मागे उड्या मारत असतो.

यावरचा उपाय म्हणजे ॲपलचा प्रोरेस किंवा ॲव्हिडचा डीएनएक्सएचआर. यांत प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते. सीपीयू सुटतो, पण डिस्क अडकते. एक मिनिटाची क्लिप प्रोरेस ४२२ मध्ये बदलून पाहिली, तर ७५० एमबीचे सुमारे ३.७ जीबी झाले. याच आकाराला प्रोरेस ४२२ सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट घेतो. म्हणजे चार तासांचे ८८५ जीबी, वर मूळ १८०. एकूण १०६५, आणि डिस्क १००० ची!

रूममेट म्हणाली, "अगं, मग मूळ फाइल्स उडव ना! नाहीतरी नव्या मोठ्या आहेत, क्वालिटी वाढलीच असणार."

इथेच खरी मेख आहे. कॅमेऱ्याने रेकॉर्ड करताना जे टाकून दिलं, ते फाइल फुगवून परत येत नाही. प्रोरेस फक्त आहे ते मोकळं करून मांडतो. शिवाय मूळ फाइलवरून प्रोरेस हवा तेव्हा पुन्हा बनवता येतो, उलट मात्र नाही. मी मूळ फाइल्सना हात लावू दिला नाही.

आणि जागा असती तरी भागलं नसतं. ४९२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेएकसष्ट मेगाबाइट. दोन्ही कॅमेरे एकदम चालवायचे तर १२३. आमची फिरती डिस्क १०० च्या आसपासच देते, त्यातून भरत आली की आणखी मंदावते. म्हणजे व्हिडिओ पुन्हा अडखळणार, फक्त या वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि सीपीयू निवांत!

शेवटी आम्ही प्रॉक्सी केल्या. त्याच क्लिप्स, पण लहान, १९२० बाय १०८०, आणि प्रोरेसच्या सर्वांत हलक्या प्रतीत :

```
ffmpeg -i C0012.MP4 -vf scale=1920:1080 -c:v prores_ks -profile:v 0 -c:a pcm_s16le proxy/C0012.mov
```

फाइलचं नाव तेच ठेवायचं, फोल्डर वेगळा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडी लावता येते. या प्रतीला सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट लागतात, म्हणजे चार तासांचे जेमतेम ७० जीबी. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला, सकाळी दोन्ही कॅमेरे लोण्यासारखे सरकत होते.

प्रॉक्सीला मर्यादा आहेत. लहान चित्रात हललेला फोकस लपतो, आणि रंगांचं काम तर तिच्यावर करूच नये. कट पक्के झाले की मूळ फाइल्सवर परत जायचं, रंग तिथे लावायचे आणि फायनल व्हिडिओही त्यांच्यावरूनच काढायचा. आमचा व्हिडिओ १२ मिनिटांचा होता. मूळ फाइल्सवर रंग लावताना लॅपटॉप दमलाच, तेव्हा निवडलेले तेवढे तुकडे पूर्ण प्रोरेस ४२२ मध्ये बदलले. १२ मिनिटांना ४४ जीबी पुरतात; ८८५ ची गरजच नव्हती!

वाचलेल्या जागेपेक्षा मला आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला. १८० जीबी ही मागून मिळण्यासारखी जागा आहे. शेजारच्या रूममधल्या ताईच्या डिस्कवर मूळ फाइल्सची दुसरी प्रत ठेवली. व्हिडिओ दाखवून झाल्यावर प्रॉक्सी आणि प्रोरेस बिनदिक्कत उडवले. काकांचं गाणं मात्र दोन ठिकाणी आहे.