शंभर मायक्रॉन

हेलिऑस 44-2 ही लेन्स आमच्या घरात काकांच्या झेनिट कॅमेऱ्यावर बसून आली. 58 मिलिमीटर, एफ 2, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेली. कॅमेऱ्याचं शटर कधीचंच बंद पडलं होतं, पण लेन्सची काच स्वच्छ होती आणि फोकसची रिंग अजून लोण्यासारखी फिरत होती. पुढे मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मला 28 मिलिमीटरची सुपर टाकुमार मिळाली, एफ 3.5 ची. दोन्हींचा माउंट एकच, एम 42, म्हणजे 42 मिलिमीटर व्यासाचा साधा आट्यांचा. त्यामुळे माझ्या सोनी आल्फा सेव्हन मार्क टूसाठी एकच अडॅप्टर घेतला आणि दोन्ही लेन्स त्यावरच वापरायच्या असं ठरवलं.

अडॅप्टरमध्ये काच नसते, विजेचे संपर्क नसतात. ती फक्त एक पोकळ नळी असते आणि तिचं सगळं काम तिच्या लांबीत असतं. एम 42 लेन्सचं बूड फिल्मपासून 45.46 मिलिमीटरवर राहील असं गृहीत धरून ती लेन्स बनवलेली असते. सोनीच्या ई माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर आहे 18 मिलिमीटर. उरलेले 27.46 मिलिमीटर अडॅप्टरने भरून काढायचे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर जवळपास कुठलीही जुनी लेन्स बसते, ती या मोकळ्या जागेमुळेच. निकॉनच्या आरसावाल्या कॅमेऱ्यांत हे अंतर मुळातच 46.5 मिलिमीटर आहे, म्हणजे एम 42 ला लागतं त्यापेक्षा जास्त. तिथे साधा अडॅप्टर लावला तर 50 ची लेन्स दोन-अडीच मीटरपलीकडचं काही स्पष्ट दाखवूच शकत नाही.

लेन्स बसवल्यावर कॅमेऱ्याला ती कळत नाही. मेनूत `Release w/o Lens` चालू केलं नाही तर शटर दबत नाही. स्टेबिलायझरला फोकल लांबीही हाताने सांगावी लागते आणि लेन्स बदलली की तो आकडा बदलावा लागतो. एवढं झालं की उरतो फोकस, आणि त्यासाठी मी फोकस पीकिंग वापरत होते. जिथे कडा ठळक असतात तिथे कॅमेरा रंगीत रेघा ओढतो. मी लाल रंग ठेवला होता. घरातली माणसं, अंगणातली मांजर, चहाच्या टपरीवरचे चेहरे, सगळीकडे हेलिऑस आणि पीकिंगची जोडी उत्तम जमली. पापण्यांवर लाल रेघ आली की बटण दाबायचं.

अडचण दिसली ती दूरच्या दृश्यात. पावसाळा सरल्यावर धनकवडीतल्या आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर लख्ख दिसतो. पंधरा किलोमीटरच्या आसपासचं अंतर, म्हणजे कुठल्याही लेन्सच्या हिशेबाने इन्फिनिटीच. टाकुमारची रिंग ∞ च्या खुणेपर्यंत, अगदी अडेपर्यंत फिरवली. टॉवरवर आणि डोंगराच्या कडेवर लाल रेघा झगमगल्या. फोटो संगणकावर उघडला तर टॉवरच्या जाळीचे पट्टे एकमेकांत मिसळलेले, आणि आमच्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकावरची डिश अँटेना मात्र तिच्या स्क्रूसकट कोरल्यासारखी.

पहिला संशय हवेवर घ्यायला हवा आणि तो मी घेतला. ऊन चढलं की डांबरी रस्त्यांवरून आणि पत्र्यांवरून तापलेली हवा वर येते, दूरचं सगळं थरथरतं आणि कितीही चांगल्या लेन्समधून पुसट दिसतं. म्हणून ही परीक्षा सूर्योदयानंतर लगेच करावी. सकाळच्या स्थिर हवेत, तिपाईवर, सेल्फ टायमर लावून पाहिलं तरी टॉवर तसाच. शंका आता लेन्सकडे आणि अडॅप्टरकडे वळली.

अडॅप्टर लांब आहे की आखूड, हे मोजमापाशिवायही ओळखता येतं. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, पीकिंग बंद करायचं आणि `Focus Magnifier` ने दूरच्या एखाद्या कडेवर सुमारे बारापट मोठं करून पाहायचं. आता रिंग हळूहळू ∞ कडे न्यायची. कडा स्पष्ट होऊन, रिंग पुढे नेल्यावर पुन्हा पुसट व्हायला लागली, तर अडॅप्टर आखूड आहे. तो दोष सुसह्य आहे, कारण इन्फिनिटी सापडते, फक्त रिंग अडण्याच्या थोडी आधी. पण कडा शेवटपर्यंत सुधारतच राहिली आणि सुधारता सुधारता रिंग अडली, तर दोन शक्यता उरतात. अडॅप्टर नेमका आहे किंवा लांब आहे. मग रिंग अडलेलीच ठेवून कॅमेरा जवळच्या गोष्टींवर फिरवायचा. एखादी जवळची वस्तू टॉवरपेक्षा जास्त स्पष्ट दिसली की अडॅप्टर लांब.

टाकुमारमधून सगळ्यात स्पष्ट दिसत होती ती डिश अँटेना, तिपाईपासून सुमारे आठ मीटरवर. हेलिऑस लावली तर रिंग अडलेल्या जागी समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी स्पष्ट होती. ती साधारण तीस-पस्तीस मीटरवर. दोन लेन्स, दोन अगदी वेगळी अंतरं. मला वाटलं, दोन्ही लेन्स कधीतरी कुणीतरी उघडून चुकीच्या जोडल्या असतील.

पण कागदावर हिशेब केला तेव्हा चित्र बदललं. लेन्स सेन्सरपासून जेवढी जास्त दूर बसेल, तेवढं तिचं सर्वात दूरचं फोकस जवळ येतं, आणि ते अंतर म्हणजे ढोबळ मानाने फोकल लांबीचा वर्ग भागिले ती जास्तीची लांबी. जास्तीची लांबी 0.1 मिलिमीटर धरा. 28 चा वर्ग 784, त्याला 0.1 ने भागलं की 7,840 मिलिमीटर, म्हणजे आठ मीटरला थोडं कमी. 58 चा वर्ग 3,364, भागून 33,640, म्हणजे चौतीस मीटरच्या आत. डिश अँटेना आणि टाकी दोन्ही एकाच आकड्याने जागेवर आल्या. वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या दोन लेन्सना नेमका सारखाच दोष असणं फार अवघड. दोन्हींत समान होता तो अडॅप्टर.

मग पीकिंगने टॉवर स्पष्ट असल्याचं का दाखवलं? टाकुमार एफ 3.5 वर उघडी असताना 0.1 मिलिमीटरच्या चुकीने दूरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर 0.1 भागिले 3.5, म्हणजे सुमारे 0.03 मिलिमीटरची टिकली होतो. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल 0.006 मिलिमीटरचा आहे, म्हणजे ती टिकली पाच पिक्सेल रुंद. पण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते 6,000 पिक्सेलचं रुंद चित्र नसतं. 1,024 पिक्सेलमध्ये दाबून बसवलेलं चित्र असतं. सेन्सरवरचे जवळजवळ सहा पिक्सेल तिथे एकात जातात आणि पाच पिक्सेलची पुसटता त्यात पूर्ण लपते. पीकिंगच्या रेघा या लहान चित्रावरच्या असतात. `Peaking Level` कमी केलं तर रेघा बारीक होतात, पण लहान चित्रात जे उरलेलंच नाही ते त्यांना सापडणार कुठून? एफ 8 वर तर टिकली आणखी लहान होते आणि डिशपासून सिंहगडापर्यंत सगळंच लाल दिसतं. इन्फिनिटीचा निर्णय पीकिंगवर सोडू नये, तो मोठं करून डोळ्यांनीच करावा, असं माझं ठाम मत या हिशेबाने झालं.

फिल्मसाठी 0.03 मिलिमीटरची टिकली चालते असं पूर्वापार धरलं जाई आणि लेन्सवरच्या खोलीच्या खुणा त्याच मापाने कोरलेल्या असत. हाच अडॅप्टर फिल्मच्या मापाने कदाचित पास झाला असता. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर पूर्ण आकारात उघडला की तो नापास होतो.

माझ्याकडचा डिजिटल व्हर्निअर 27.5 ते 27.6 च्या मध्ये काहीतरी दाखवत होता, दर वेळी वेगळं. माझा मावसभाऊ भोसरीत एका टूलरूममध्ये क्वालिटीला आहे. अडॅप्टर घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "व्हर्निअरवर शंभरावा भाग दिसतो गं, पण त्यावर भरवसा ठेवू नकोस. सरफेस प्लेटवर डायल लावू."

ई माउंटच्या बाजूला पकडीच्या तीन जिभा बाहेर येतात, म्हणून अडॅप्टर थेट प्लेटवर ठेवता येत नाही. दादाने सारख्या जाडीचे तीन स्लिप गेज कॅमेऱ्याकडच्या कडेखाली ठेवले, शेजारी 27.46 ची रास तेवढ्याच उंचीवर रचून डायल तिच्यावर शून्य केला आणि मग तो अडॅप्टरच्या वरच्या बैठकीवर, जिथे लेन्सचं बूड टेकतं तिथे, चार जागी फिरवला. काटा चारही ठिकाणी शंभर मायक्रॉनच्या आसपास वर. चारही वाचनं जवळजवळ सारखी आली, याचा मला आनंद झाला. एक बाजू उंच आणि एक सखल असती तर लेन्स तिरकी बसली असती, फोटोची एक बाजू कायम पुसट राहिली असती आणि तो दोष घालवणं फार कठीण.

"घासून काढायचा का?" मी विचारलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून अडॅप्टर घासण्याची युक्ती मला माहीत होती.

"हाताने घासलंस तर तिरका होईल. आधी उघडून बघू."

एम 42 चे आटे असलेली आतली रिंग वेगळी असते आणि ती बाजूने तीन ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. लेन्स पूर्ण आवळल्यावर तिच्यावरची खूण नेमकी वर यावी, म्हणून ही रिंग फिरवून बसवायची सोय ठेवलेली असते. दादाने बारीक एलन कीने तिन्ही स्क्रू सैल केले आणि रिंग उचलली. खालच्या बैठकीवर काळ्या रंगाचा जाड थर होता आणि कडेला लेथवरची बर तशीच राहिलेली. रिंग त्यावर टेकली होती, धातूवर धातू बसलाच नव्हता. त्याने बैठक साफ केली, बर काढली, रिंग परत ठेवली, वरून सपाट ठोकळ्याने दाबून धरली आणि तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की रिंग त्या बाजूने उचलली जाते.

डायल पुन्हा लावला. आता काटा शून्याच्या खाली, वीस मायक्रॉनच्या जवळ. म्हणजे अडॅप्टर आता किंचित आखूड. मी विचारलं, पातळ पत्र्याची शिम घालून तो नेमका करू या का? दादा नको म्हणाला आणि त्याचं कारण मला पटलं. अ‍ॅल्युमिनियमची सत्तावीस मिलिमीटरची नळी वीस अंश तापली तर दहा-बारा मायक्रॉन वाढते. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी नेमका अडॅप्टर लांब होईल. थोडा आखूड असला की वर्षभर इन्फिनिटी रिंगच्या आवाक्यात राहते.

आता टाकुमारची रिंग अडेपर्यंत फिरवली की टॉवर किंचित पुसट होतो आणि केसभर मागे आणली की जाळीचे पट्टे सुटे सुटे दिसतात. ∞ ची खूण त्यामुळे माझ्यासाठी जागा सांगत नाही, फक्त शेजार सांगते. दिवसा दूरची कडा बारापट मोठी करून फोकस लावते. रात्री अंधुक ताऱ्यांवर पीकिंगच्या रेघा उमटत नाहीत, तेव्हा एखादा ठळक तारा पडद्यावर आणून, मोठा करून, त्याचा ठिपका लहानात लहान होईल तिथे रिंग थांबवते आणि ती सरकू नये म्हणून चिकटपट्टीचा तुकडा लावते. हेलिऑसची जागा वेगळी निघते, म्हणून लेन्स बदलली की हे पुन्हा करावं लागतं.