निळ्याचा हिरवा आणि गुलाबीचा पीच



मागच्या मे महिन्यात माझ्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. माझी भाची पुण्याहून आली ती केसांचा खालचा थर निळा करून. वरचे केस काळेच, पण मान हलली की आतून मोरपिसासारखा निळा दिसायचा. खरं सांगते, मला आवडला. माझ्या आईनं एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. साखरपुडा लांबला, भाची दारव्ह्यात आमच्याकडेच राहिली, आणि तीन आठवड्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी ती केस विंचरायला बसली तर निळ्याचा पत्ता नाही. सगळा हिरवा. आई म्हणाली, "काऊन वं, केसाले शेवाळ चढलं का?" सगळ्या हसल्या. पोरगी आत जाऊन रडली, आणि घरातल्या एकाही फोटोत उभी राहिली नाही.

तिला वाटलं रंग खराब निघाला. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या गल्लीत पार्लर चालवणाऱ्या ताईंनी मला एक वाटीभर पाणी आणायला सांगितलं. त्यात चिमूटभर हळद कालवली आणि निळ्या शाईचा एक थेंब टाकला. वाटी हिरवी झाली. "तुमच्या पोरीच्या डोक्यावर हेच झालंय," म्हणाल्या.

आपले केस काळे. त्यांवर निळा किंवा गुलाबी दिसावा म्हणून आधी ब्लीच करून केसांतला मूळ रंग काढावा लागतो. काळा केस ब्लीच होताना एकदम पांढरा होत नाही. आधी तांबूस, मग नारिंगी, मग झेंडूसारखा पिवळा, आणि अगदी शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा होतो. त्याच्या पलीकडे जाता येत नाही, कारण केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते स्वतःच किंचित पिवळं असतं. त्याहून पुढे ब्लीच करत बसलं तर केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो. म्हणजे चटकदार रंगाच्या खाली पिवळा हा असतोच, कमी किंवा जास्त.

आता वरचा रंग. पांढरे केस काळे करायचा जो डाय आपण वापरतो तो दोन ट्यूब कालवून लावतो, आणि तो केसाच्या आत जाऊन तयार होतो. निळा-गुलाबी रंग तसा नसतो. तो बाटलीत तयारच असतो आणि ब्लीच केलेल्या केसाच्या बाहेरच्या पापुद्र्यांजवळ नुसता चिकटून बसतो. प्रत्येक धुण्याला त्यातला थोडा निघून जातो. रंग दाट आहे तोवर खालचा पिवळा झाकलेला असतो. तो विरळ झाला की पिवळा वर डोकावतो. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा, गुलाबीत मिसळला की पीच. रंग बदलत नाही हो, तो फक्त पातळ होतो, आणि खालचं अंग दिसू लागतं.

भाचीचं दुसरं चुकलं ते निळ्याच्या निवडीत. तिचे केस झेंडूपिवळ्यापर्यंतच उजळले होते आणि तिनं घेतला होता आकाशी निळा. आकाशी, फिरोजी हे निळे मुळातच हिरव्याकडे झुकलेले असतात. पिवळ्याला जरा संधी मिळाली की गेलेच. त्यात मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, रोज डोक्यावरून पाणी, आणि तेही बोअरचं. यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो तो तुम्ही रोज घासता. तोच थर केसांवरही बसतो, रंग मळकट दिसतो, आणि पाण्यात लोह असेल तर पिवळेपणात भर पडते. (आपण पाणी गाळून घेतो खरं, पण गाळण्यानं पाण्यात विरघळलेले क्षार निघत नाहीत. हे मलाही तेव्हाच लक्षात आलं.)

डिसेंबरात त्याच मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. भाची फोनवर म्हणाली, "मावशी, मला परत निळाच करायचाय, पण या वेळी फोटोत उभं राहायचंय." मग आम्ही तिघींनी, ती, मी आणि पार्लरवाल्या ताई, आधी उलटं मोजलं. लग्नाच्या दिवशी केस कसे दिसायला हवेत, इथून सुरुवात.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा ताईंनी खालच्या थराला दुसऱ्यांदा ब्लीच केलं. आधीच्या ब्लीचला कितीतरी महिने झाले होते. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा, टाळूपासून थोडं अंतर सोडून, आणि दर पाच-सात मिनिटांनी एक बट पुसून बघत. केळ्याच्या सालीचा पिवळा आला की लगेच धुतलं. ब्लीच झालेल्या केसांसाठी केराटिनचे मास्क मिळतात, तेवढं डबीमागे वाचून घ्या. ते केराटिन बहुधा लोकर, पिसं किंवा शिंगांतून काढलेलं असतं. आम्ही वनस्पतीजन्य असं स्पष्ट लिहिलेलं कंडिशनर घेतलं.

रंग लगेच लावला नाही. ताईंनी मानेजवळची एक बारीक बट कापली आणि तिचे चार तुकडे केले. एकावर नुसता निळा लावला. दुसऱ्यावर तीन भाग निळा आणि एक भाग जांभळा. तिसऱ्यावर बाळगुलाबी, चौथ्यावर राणी. गुलाबीचे दोन तुकडे भाचीच्या धाकट्या बहिणीसाठी होते, तिलाही हौस होती. सुकल्यावर प्रत्येक तुकड्याचा थोडा भाग कापून वहीच्या कागदावर चिकटपट्टीनं लावला आणि उरलेला रोज शाम्पूनं आमच्याच बोअरच्या पाण्यात धुतला. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या धुण्यानंतर पुन्हा थोडा थोडा भाग कागदावर. भाची आठवड्यातून दोनदा केस धुते, म्हणजे दहा धुणी हा तिचा पाच आठवड्यांचा हिशेब होता.

तो कागद बघण्यासारखा झाला. नुसता निळा तिसऱ्या धुण्याला फिरोजी आणि दहाव्याला काचेच्या जुन्या बाटलीसारखा हिरवट. जांभळा मिसळलेला पहिल्या दिवशी जरा जास्तच गडद, शाईसारखा, पण सहाव्या धुण्याला छान निळा आणि दहाव्यालाही धुरकट निळाच, हिरव्याची नुसती झाक. कारण जांभळा पिवळ्याला मारतो. आपण पांढऱ्या कपड्यांना उजाला देतो तेच हे. कपडा पिवळट झालेला असतो, उजाला जांभळट, आणि दोघं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं.

म्हणून खऱ्या केसांवरही ताईंनी आधी उजालाच दिला म्हणा ना. वाटीभर पांढऱ्या कंडिशनरमध्ये नखभर जांभळा रंग, पाच मिनिटं, की पिवळेपणा बसला. मग त्यावर तीन-एकचं मिश्रण, कोरड्या केसांवर, पाऊण तास, आणि थंड पाण्यानं धुणं. यातलं काहीही लावण्याआधी ४८ तास कानामागे थेंब लावून खाज येते का ते बघितलं होतं, ते विसरू नका.

तारीख ठरवली लग्नाच्या दहा दिवस आधीची. आदल्या दिवशी लावला असता तर रंग शालूच्या गळ्याला आणि उशीला लागला असता. दहा दिवसांत तिची दोन-तीन धुणी झाली, सुटा रंग निघून गेला आणि कागदावरच्या तिसऱ्या धुण्याच्या तुकड्याचा निळा लग्नात आला. उरलेलं मिश्रण दोन चमचे एका कंडिशनरच्या डबीत कालवून ठेवलं. दर दुसऱ्या धुण्याला ते दहा मिनिटं लावायचं, म्हणजे गेलेला रंग थोडा भरून निघतो. हे मात्र आठवणीनं करावं लागतं. ज्या पोरीला तेल लावायचा कंटाळा तिनं या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

धाकटीच्या गुलाबीची गोष्ट सोपी होती. बाळगुलाबी तिसऱ्या धुण्यालाच पीच झाला. राणी रंगात मुळातच निळ्याचं अंग असतं, त्यामुळे तो आधी गुलाबी होतो आणि मग कुठे पीचकडे सरकतो. पण पीच हा काही वाईट रंग नाही! हिरवा झालेला निळा सगळ्यांच्या डोळ्यात खुपतो, पीच झालेला गुलाबी कोणाला कळतही नाही. ज्यांचे केस नारिंगीच्या पुढे उजळत नाहीत, त्यांनी निळ्याचा हट्ट सोडून गुलाबी, लाल नाहीतर तांबूस घ्यावा. नारिंगीवर निळा लावला तर चिखलासारखा तपकिरी येतो. धाकटीनं रिसेप्शनला पीच रंगाचीच साडी ठरवली आणि रंग तीन आठवडे आधी लावून मोकळी झाली.

कोणाच्या मुलीचा आत्ताच हिरवा झाला असेल तर दोन गोष्टी सांगते. त्यावर पुन्हा ब्लीच लावू नका. निळ्याचा उरलेला अंश त्यानं उलट हट्टानं बसू शकतो आणि मग पुदिन्यासारखा हिरवा महिनोन्महिने जात नाही. कंडिशनरमध्ये थेंबभर गुलाबी कालवून दोन-तीन मिनिटं लावा. हिरव्याला लाल-गुलाबी मारतो, आणि पाटीसारखा राखी-निळा येतो, तो बरा दिसतो. आणि नोकरीच्या मुलाखतीसाठी सगळं तपकिरी करायचं असेल तर थेट थंड छटेचा तपकिरी नको. फिक्या केसांवर तोही हिरवट मारतो. आधी तांब्याच्या रंगाचा हात, मग त्यावर उबदार तपकिरी.

लग्नात भाची पहिल्या रांगेत उभी होती. आईनं तिचे केस बोटांनी उचलून बघितले, उजेडात धरले, आणि म्हणाली, "हा रंग माया पैठणीच्या काठाले होता." तो कागद अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. उन्हाळ्यात धाकटी जांभळा म्हणते आहे, त्याचा तुकडा लावायला खाली जागा ठेवली आहे.