वायर न जोडलेल्या नळ्या

बुलढाण्याच्या गच्चीवर एफएमसाठी तीन नळ्यांचा यागी अँटेना उभा केला आणि मी अक्षरशः वेडा झालो! केबल फक्त मधल्या नळीला जोडलेली. पुढची आणि मागची नळी नुसत्या दांड्यावर नट-बोल्टने कसलेल्या, त्यांना वायरच नाही. तरी सगळी करामत त्यांचीच. तोंड अकोल्याकडे केलं की तिथलं स्टेशन खणखणीत. दांडा अर्धा फिरवला की तेच खरखरीत बुडतं आणि संभाजीनगरकडचं वर येतं! ही दोन शहरं इथून जवळजवळ विरुद्ध दिशांना आहेत.

100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची. म्हणून मधली नळी 142 सेंटिमीटर, मागचा रिफ्लेक्टर 150, पुढचा डायरेक्टर 134, आणि दोन नळ्यांमधलं अंतर 60 सेंटिमीटर, म्हणजे लहरीचा पाचवा भाग. जपानमधल्या सेंदाईत हिदेत्सुगू यागी आणि शिंतारो उदा यांनी ही रचना 1926 मध्ये मांडली.

रिफ्लेक्टर म्हणजे आरसा, असंच मला वाटे. पण तो स्वतः लहरी परत सोडतो! अँटेना प्रक्षेपण करतोय असं धरू. ग्रहण करतानाही चित्र तेच राहतं. पूर्ण लहर 360 अंशांची, तर मधल्या नळीची लहर मागे पोचेपर्यंत 72 अंश उशीर. तिथे जागा होणारा प्रवाह उलटा, म्हणजे आणखी 180. परत मधल्या नळीपाशी यायला पुन्हा 72. बेरीज 324. कमी पडले 36 अंश, आणि ते मिळतात नळी लांब असल्यामुळे! लांब नळीतला प्रवाह मागे रेंगाळतो. 360 पुरे झाले की पुढच्या बाजूला दोन्ही लहरी एकमेकींना जोर देतात. आखूड डायरेक्टरमधला प्रवाह उलट आघाडी घेतो, म्हणून तो पुढून जोर वाढवतो. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात नळ्या एकमेकींवर परिणाम करतातच. पण पहिल्यांदा मांडला तेव्हा मी रात्रभर कागद सोडला नाही.

आता मागची बाजू बघा. तिथे लहर पुसायला नेमका 180 चा फरक हवा. आपण तर 36 जास्त दिले, 216 झाले. म्हणजे गेन सर्वात जास्त देणारी मापं आणि मागची बाजू सर्वात गप्प करणारी मापं वेगळी! मागून येणारं स्टेशन छळत असेल तर थोडा गेन सोडून मापं बदलायची. चांगला जुळलेला तीन नळ्यांचा अँटेना मागचा सिग्नल पुढच्याच्या तुलनेत 20 डेसिबल, म्हणजे शंभरपट कमी करू शकतो.

मागे दुसरा रिफ्लेक्टर लावून फारसं मिळत नाही, कारण तिथे लहर फारशी उरलेली नसते. पुढे डायरेक्टर वाढवले तर गेन वाढतो, पण दांडाही लांबतो. आणि 108 मेगाहर्ट्झच्या टोकाला गंमतच! तिथे माझा 134 चा डायरेक्टर लहरीच्या मानाने लांब ठरतो, रिफ्लेक्टरसारखा वागू लागतो आणि पुढची धार बोथट होते. स्टेशन कुठूनही सारखंच ऐकू येऊ लागलं, की ओळखायचं. मग डायरेक्टर सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापत जायचं.