कॉल, पुट आणि माझ्या स्कूटीचा विमा



मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. शेअर बाजाराशी माझा संबंध म्हणजे महिन्याला जाणारी एक एसआयपी, एवढाच. पण 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, आमच्या धाकट्या भाऊजींचा चेहरा बघितला आणि ठरवलं की हे ऑप्शन प्रकरण आहे तरी काय ते समजून घ्यायचंच. ते मला जसं समजलं तसं लिहिते.

पुटपासून सुरुवात करू, कारण तो विम्याच्या सगळ्यात जवळचा आहे. माझ्या स्कूटीचा विमा मी दरवर्षी भरते. वर्षभरात काही झालं नाही तर ते पैसे गेले. झालं तर कंपनी भरपाई देते. आता स्कूटीच्या जागी शेअर ठेवा. समजा तुमच्याकडे एका कंपनीचे 200 शेअर आहेत, भाव 500 रुपये. महिन्याभरात भाव पडेल अशी धास्ती आहे, पण विकायचे तर नाहीत. तुम्ही 480 चा पुट घेता. म्हणजे महिन्याच्या शेवटी भाव कितीही खाली गेलेला असो, 480 ने विकण्याचा हक्क तुमचा. त्यासाठी शेअरमागे 8 रुपये, एकूण 1600 रुपये द्यायचे. या रकमेला प्रीमियमच म्हणतात, शब्दसुद्धा विम्याचाच! 480 ला स्ट्राइक म्हणतात आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाला एक्सपायरी.

भाव 430 झाला तर शेअरमध्ये तुमचे 14,000 रुपये गेले. पण पुटमुळे शेअरमागे 50, म्हणजे 10,000 परत आले. प्रीमियम धरून निव्वळ तोटा 5600. भाव 300 झाला तरी तोटा 5600 च राहील, करून बघा. 500 ते 480 पर्यंतचे 20 रुपये मात्र तुम्हीच सोसायचे. गाडीच्या क्लेममध्ये सुरुवातीची काही रक्कम आपल्याला भरावी लागते ना, तसंच. आणि भाव 500 लाच राहिला तर 1600 गेले, विषय संपला.

कॉल म्हणजे उलट बाजूचा विमा. इथे भीती भाव वाढण्याची असते. समजा तुमची आरडी पुढच्या महिन्यात सुटणार आहे आणि तेव्हा तुम्हाला हेच 200 शेअर घ्यायचेत, पण तोवर भाव चढला तर? तुम्ही 7 रुपयांना 520 चा कॉल घेता. 1400 रुपयांत 520 ने खरेदीचा हक्क मिळाला. भाव 560 झाला तरी तुम्हाला शेअर प्रीमियम धरून 527 ला पडला. भाव 490 झाला तर कॉल सोडून द्यायचा आणि बाजारातून 490 ने घ्यायचे. हक्क आहे, सक्ती नाही. घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान म्हणजे प्रीमियम.

इथपर्यंत भाऊजींनाही माहीत होतं. गडबड पुढे आहे. विमा घेणारा असतो तसा विमा देणाराही कोणीतरी असतो. तुमच्या पुटचे 1600 ज्याने घेतले तो तुमची विमा कंपनी झाला. आणि भाऊजींना हीच कंपनी व्हायचं होतं.

"वहिनी, दहातल्या आठ वेळा काहीच होत नाही. प्रीमियम आपल्याच खिशात," असं ते म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. विम्याच्या धंद्यातही बहुतेक गाड्या धडकत नाहीत.

3 जूनला एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वाढून 23,264 च्या आसपास बंद झाला. भाऊजींनी त्या दिवशी 22,500 चे दोन लॉट पुट विकले, भाव 80 रुपये. तेव्हा निफ्टीचा लॉट 25 चा होता, म्हणजे 50 गुणिले 80, चार हजार रुपये आले. एक्सपायरी गुरुवारी, 6 जूनला. निफ्टी साडेसातशे अंक पडल्याशिवाय नुकसानच नाही. तीन दिवसांत कशाला पडतोय?

मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की आभाळ भरून आलेलं असताना छत्रीवाला भाव का वाढवतो ते बघा. तीन दिवसांच्या, एवढ्या लांबच्या पुटला एरवी 80 रुपये मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी निकाल होता म्हणूनच मिळत होते. प्रीमियम जास्त दिसला की तो धोक्याचाच भाव असतो. अर्थात, हे शहाणपण मला नंतर सुचलेलं आहे.

मंगळवारी निकाल वेगळे यायला लागले आणि बाजार कोसळला. दुपारी निफ्टी 21,500 च्या आसपास असताना तो 80 चा पुट 1060 ला पोचला होता. ब्रोकरचा मेसेज आला की मार्जिन कमी पडतंय, पैसे भरा. मार्जिन म्हणजे विकणाऱ्याने ठेवायची अनामत. खात्यात आणखी टाकायला पैसे नव्हते. भाऊजींनी तेच पुट 1060 ने परत विकत घेऊन सौदा मिटवला. 53,000 गेले, आले होते चार. तोटा 49,000.

त्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडून 21,884 वर बंद झाला. आणि गुरुवारी? गुरुवारी तो 22,821 वर बंद झाला. म्हणजे 22,500 चा पुट शेवटी शून्य झाला. थांबता आलं असतं तर भाऊजींचे चार हजार खिशात राहिले असते. रात्री जेवताना त्यांनी हेच चार वेळा सांगितलं. पण थांबायला अनामत लागते, आणि ती मागतात नेमकी घर पेटलेलं असताना.

विम्याची तुलना इथे तुटते, आणि माझ्या मते हाच भाग समजून घ्यायला हवा. विमा कंपनीकडे लाखो गाड्या असतात, त्या सगळ्या एकाच दिवशी धडकत नाहीत. म्हणून थोड्यांचं नुकसान बाकीच्यांच्या हप्त्यांतून निघतं. भाऊजींकडे दोन पॉलिस्या होत्या, दोन्ही एकाच घराच्या. आणखी दहा विकल्या असत्या तरी त्याही त्याच दिवशी पेटल्या असत्या. शिवाय कॉल विकणाऱ्याची गोष्ट याहून वाईट, कारण भाव शून्याच्या खाली जात नाही, पण वर किती जाईल याला मर्यादा नाही.

आणखी एक फरक. मी शेजाऱ्याच्या स्कूटीचा विमा काढू शकत नाही. पुट मात्र शेअर जवळ नसतानाही घेता येतो. मग तो विमा राहत नाही, शेजाऱ्याची स्कूटी धडकेल यावर लावलेली पैज होते. आणि या पॉलिसीची किंमत दिवसागणिक झिजते. भाव जागचा हलला नाही तरी 8 रुपयांचा पुट पंधरा दिवसांनी 8 चा राहत नाही, कारण उरलेले दिवस कमी झाले.

मागच्या महिन्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता विकणं बंद. माझ्याकडे दीड लाखाचे शेअर आहेत, त्यांना फक्त विमा म्हणून निफ्टीचा पुट घेतो." कल्पना बरी होती. पण नोव्हेंबर 2024 पासून सेबीने निर्देशांकावरच्या नव्या करारांची किंमत किमान 15 लाख केली आहे. दीड लाखाच्या शेअरला 15 लाखांचा विमा! मी त्यांना वहीवर मांडून दाखवलं. वर दिलेलं 200 शेअरचं उदाहरणही मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतलंय, प्रत्यक्षात लॉट ठरलेला असतो आणि बराच मोठा असतो. भाऊजींनी वही बघितली, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग थोडे शेअरच विकून टाकतो."