पहिल्या भेटीतली शांतता

फौजी माणसाला शांततेची सवय असते असं म्हणतात. संत्री ड्युटीवर ती असतेच. पण समोर पहिल्यांदाच भेटलेली मुलगी, मध्ये दोन कप कॉफी आणि बोलणं खुंटलेलं, ही शांतता निराळी. नेदरलँड्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की रंगलेल्या संभाषणात चार सेकंदांचा खंड पडला तरी माणसाला आपल्याला नाकारल्यासारखं वाटू लागतं. म्हणून आपण घाईघाईने काहीतरी बोलून मोकळे होतो. त्याआधी ही शांतता कुठली आहे, ते ओळखायला हवं.

मी जबलपूरला होतो तेव्हाची गोष्ट. मावशीच्या ओळखीतली मुलगी तिथल्याच बँकेत होती. आम्ही सदर बाजारात कॉफी प्यायला भेटलो. माझी बदली झाली होती, नऊ दिवसांत निघायचं होतं. ते मी तिला सांगितलं, आणि ती गप्प झाली. नजर कपावर, चमचा हळूहळू फिरतोय. ती विचार करत होती. तेव्हा विषय बदलला असता तर तिचं उत्तर आतच राहिलं असतं. मी थांबलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझे बाबाही बदलीच्याच नोकरीत होते. मी चार शाळा बदलल्या. मला बदलीची नाही, न सांगता ठरवलेल्या गोष्टींची भीती वाटते." त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

दुसऱ्यांदा गप्प झालो ते विषय संपला म्हणून. तिची नजर दाराकडे, पंख्याकडे फिरली. माझा हात फोनकडे गेला. अशा वेळी नवा विषय शोधू नये, मागे सुटलेला धागा धरावा. वायरलेस सेट गप्प झाला की ऑपरेटरही आधी शेवटचा निरोप नीट पोहोचला का ते पाहतो. मी म्हणालो, "मघाशी तुम्ही पासबुक भरायला येणाऱ्या आजींचं सांगत होतात. त्या दर महिन्याला तुमच्याच खिडकीशी का येतात?" ती हसली आणि दहा मिनिटं बोलली. 'मघाशी' या शब्दातच समोरच्याला कळतं, की आपलं बोलणं ऐकलं गेलंय. मात्र लागोपाठ तीन प्रश्न विचारले की मुलाखत होते. म्हणून तिचं झाल्यावर मी माझ्या आजीच्या पेन्शनचा किस्सा सांगितला.

तिसरीही एक शांतता असते. उत्तरं 'हो', 'नाही', 'बरं' एवढीच येतात, पर्स मांडीवर येते, नजर घड्याळावर जाते. तिथे कुठलाही धागा ओढू नये. "निघायचं का? उशीर होत असेल," असं आपणच म्हणावं. समोरच्याला नकाराचे शब्द शोधायला लागू नयेत, एवढं तरी आपल्या हातात असतं.