‘आरक्षण दहाच वर्षांचं होतं’: आकडा खरा, वाक्य खोटं

काही खोटी वाक्ये मरत नाहीत, कारण त्यांच्या पोटात एक खरा आकडा असतो. ‘आंबेडकरांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं, पुढाऱ्यांनी मतांसाठी ते वाढवत नेलं’ हे त्यातलेच एक. शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, टीव्हीवरच्या चर्चेत ते तुम्हीही ऐकलेले आहे. बोलणारा प्रत्येक वेळी खोडसाळच असतो असे नाही. अनेकांना ते प्रामाणिकपणे खरे वाटते, आणि आपल्याच काही शिकलेल्या मुलांनाही त्यावर नेमके उत्तर देता येत नाही.

डिसेंबर 2019 मध्ये संसदेने एक घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केले. दुसऱ्या दिवशी बातमी आली: आरक्षणाला दहा वर्षांची मुदतवाढ. कामानिमित्त मी एका तालुक्याच्या गावी होते. कचेरीबाहेरच्या टपरीवर एक निवृत्त गृहस्थ पेपर मोठ्याने वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “बघा, दहा वर्षांचं सत्तर झालं, आता ऐंशी होणार. खुद्द आंबेडकरांना हे नको होतं.”

आमच्या वस्तीतला एक पोरगा शेजारी उभा होता. तो उसळला. “तुम्हाला काय माहीत आंबेडकर? खोटं बोलता तुम्ही.” झाले. पुढची दहा मिनिटे कोणाला किती मार्क पडले, कोणाचा नंबर कसा लागला, कोणाच्या आजोबांनी काय भोगले, यावर गेली. प्रत्येक मुद्दा आपापल्या जागी बोलण्यासारखा होता, पण मूळ वाक्य जिथे होते तिथेच राहिले. उलट ऐकणाऱ्या चार लोकांना वाटले की उत्तर नाही म्हणून पोरगा चिडला.

जरा शांत झाल्यावर मी म्हटले, “काका, दहा वर्षांचा आकडा तुम्ही बरोबर सांगितलात. संविधानात तो होता. पण ही बातमी कलम 334 ची आहे, म्हणजे लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांची. नोकरी आणि शिक्षणातलं आरक्षण कलम 16(4) आणि 15(4) मध्ये आहे, त्याला मुदतच नाही. घरी संविधान असेल तर 334 काढून बघा, एका पानाचं काम आहे.”

काका म्हणाले, “म्हणजे हे आमदार-खासदारांचं आहे?” मी म्हटले, “हो, तेवढंच.” त्यांनी पेपरची घडी उलटून बातमी पुन्हा वाचायला घेतली. त्यांचे मत बदलले की नाही, मला माहीत नाही. पण प्रश्न बदलला, आणि दुरुस्तीने पहिल्या फेरीत एवढे साधले तरी पुरे.

आता या दुरुस्तीमागे काय आहे ते नीट पाहू, कारण शांत आवाज हा माहितीतून येतो, स्वभावातून नव्हे.

संविधानाच्या सोळाव्या भागात कलम 330 आणि 332 आहेत. त्यांनी अनुसूचित जाती-जमातींसाठी अनुक्रमे लोकसभेत आणि विधानसभांत जागा राखून ठेवल्या. आपल्या विधानसभेच्या 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी आणि 25 अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, त्या याच तरतुदीने. कलम 334 सांगते की या राखीव जागा किती काळ चालतील. 1950 साली तिथे दहा वर्षे असे लिहिलेले होते. त्यानंतर 1959 पासून 2019 पर्यंत सात वेळा घटनादुरुस्ती झाली, प्रत्येक वेळी दहा वर्षे वाढली. आज तिथे या राखीव जागांसाठी ऐंशी वर्षे असे वाचायला मिळते.

नोकरीची गोष्ट वेगळ्या पानावर आहे. कलम 16(4) संविधानात पहिल्या दिवसापासून आहे. शिक्षणासाठीचे 15(4) हे 1951 सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या महाविद्यालयांतल्या जातवार जागा रद्द ठरवल्या, त्यानंतर ही दुरुस्ती झाली. तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. या दोन्ही कलमांत वर्षांचा आकडा नाही. दर दहा वर्षांनी संसदेत जे येते ते 334 असते. 16(4) ची मुदत वाढवण्याचे विधेयक आजवर आले नाही, कारण वाढवायला मुदतच नाही.

समोरच्याला कलमांचे आकडे जड वाटत असतील तर एक सोपी कसोटी आहे. कलम 334 मध्ये ओबीसींचा उल्लेखच नाही. मंडल आयोगाच्या शिफारशीप्रमाणे केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींना 27 टक्के आरक्षण देण्याची घोषणा 1990 साली झाली आणि 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. आरक्षण म्हणजे दहा वर्षे असा नियम असता तर ते केव्हाच संपायला हवे होते. तसेच जानेवारी 2019 मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्क्यांपर्यंत आरक्षणाची तरतूद झाली, त्या दुरुस्तीतही वर्षांची मर्यादा घातलेली नाही. हे टोमणा म्हणून सांगू नका, प्रश्न म्हणून विचारा: “मग यांची दहा वर्षं कुठे लिहिली आहेत?”

बातमीचे मथळे गोंधळ कसा वाढवतात तेही लक्षात घ्या. मथळ्यात जागा थोडी असते, म्हणून ‘लोकसभा व विधानसभांतील राखीव जागा’ याचे फक्त ‘आरक्षण’ होते. बातमीच्या आत बहुधा योग्य शब्द असतात, पण लोक मथळा वाचून बोलतात. म्हणून ‘मुदतवाढ’ हा शब्द दिसला की आधी कुठल्या कलमाची हे शोधा. 2019 च्या त्या विधेयकाने आणखी एक गोष्ट केली. अँग्लो-इंडियन प्रतिनिधींच्या नेमणुकीची तरतूद पुढे वाढवली नाही. म्हणजे विषय कायदेमंडळातल्या प्रतिनिधित्वाचा होता, हे त्यातूनही दिसते.

राहिला ‘बाबासाहेबांना नको होतं’ हा भाग. इथे आपल्या बाजूची माणसेही घसरतात, म्हणून जपून. 25 ऑगस्ट 1949 रोजी संविधान सभेत या दहा वर्षांवर चर्चा झाली. बाबासाहेबांनी तिथे सांगितले की अनुसूचित जातींसाठी याहून मोठ्या मुदतीचा आग्रह धरायची आपली स्वतःची तयारी होती आणि सभागृहाने ती दिली असती तर ते योग्य झाले असते. पण सभागृहाने दहा वर्षे मान्य केली आहेत, म्हणून आता मागे फिरणे बरोबर नाही. दहा वर्षांच्या अट्टाहासाला त्यांनी त्याच भाषणात टोलाही लगावला. म्हणजे मुदत कमी हवी ही भूमिका त्यांची नव्हती.

पण दुसरी बाजूही खरी आहे. 1955 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. तो कायदेमंडळातल्या जागांबद्दल होता. संयुक्त मतदारसंघात आपला प्रतिनिधी इतरांच्या मतांवर निवडून येतो आणि त्यांचाच होऊन बसतो, ही पुणे करारापासूनची तक्रार त्यामागे होती. समोरच्याने हा ठराव पुढे केला तर नाकारू नका. “बरोबर, आणि तोही राजकीय जागांचाच होता” एवढे म्हणा. तसेच 30 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात नोकरीतले आरक्षण एकूण जागांच्या अल्पांशापुरते असावे, असे बाबासाहेब म्हणाले होते. ते प्रमाणाबद्दल होते, काळाबद्दल नाही. ‘बाबासाहेबांनी आरक्षण कायमचं दिलं’ असे मात्र आपण म्हणू नये. संविधानात मुदत नाही, एवढेच सिद्ध करता येते. जेवढे पानावर आहे तेवढेच बोलले तर कोणी आपल्याला पाडू शकत नाही.

इथे कोणी विचारील, एवढी नरमाई कशाला? जे वाक्य आपल्या मुलांच्या पानातली भाकरी खेचते त्याला ताईगिरीने उत्तर द्यायचे? माझे म्हणणे असे की हा नरमाईचा नाही, हिशेबाचा प्रश्न आहे. टपरीवर एक बोलतो आणि सहा ऐकतात. आपले उत्तर त्या सहांसाठी असते. तिथे ‘खोटारडा’ हा शब्द उच्चारला की सहाही जण भांडण बघतात, कलम विसरतात. आकडा बरोबर आहे हे आधी मान्य केले तर बोलणाऱ्याला मागे हटायला जागा मिळते आणि ऐकणाऱ्यांना कळते की चूक नेमकी कुठे आहे.

आधार कोणता द्यायचा हेही याच हिशेबाने ठरवा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आपल्याला प्रमाण आहेत, पण समोरचा म्हणेल, तुमचीच पुस्तके. संविधानाची प्रत ना तुमची ना माझी. आणि आधार एकच द्या. पाच संदर्भ एकदम सांगितले की माणूस एकही तपासत नाही, एक कलम सांगितले तर कधीतरी उघडून बघतो. 1949 ची चर्चा, 1955 चा ठराव, मंडल हे सगळे खिशात असू द्या, पण कोणी पुढे विचारले तरच बाहेर काढा.

आणखी एक सीमा सांभाळा. दुरुस्ती ऐकून काही जण विचारतात, “बरं, मुदत नाही म्हणता, मग हे संपणार कधी?” हा वस्तुस्थितीचा नव्हे, मताचा प्रश्न आहे. त्यावर माझे मत ठाम आहे आणि या पानांवर मी ते वेळोवेळी मांडले आहे. पण दोन्ही एकाच श्वासात बोलले की आपली दुरुस्तीही मतच वाटू लागते. “संविधानात तारीख नाही हे आधी मान्य करू, असावी की नसावी यावर मग बसून बोलू,” असे म्हणून तो विषय वेगळा ठेवा.

कलम 334 ची सध्याची मुदत जानेवारी 2030 मध्ये संपते. म्हणजे त्याच्या आसपास पुन्हा बातमी येईल, पुन्हा तोच मथळा लागेल आणि पुन्हा कोणीतरी टपरीवर तेच वाक्य म्हणेल. तोवर आपल्या प्रत्येक अभ्यासिकेतल्या मुला-मुलींना ही दोन वाक्ये तोंडपाठ असली पाहिजेत: दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना होती, कलम 334 बघा. नोकरी आणि शिक्षणाच्या आरक्षणाला संविधानात मुदत नाही, कलम 16(4) आणि 15(4) बघा.

जय भीम.