मिगसर वद १३

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत नगरच्या कापडबाजारातील एका जुन्या घराच्या माळ्यावरून शिसवी पेटी खाली उतरवली गेली. पेटीत लाल कापडाच्या बांधणीच्या काही चोपड्या, हुंड्यांचे कोरे कागद आणि टाचणीने जोडलेले एक पत्र व त्याचे पाकीट निघाले. पत्र होते शेवगावच्या धाकट्या आजोबांचे, नगरच्या थोरल्या बंधूंना लिहिलेले. मजकूर चार ओळींचा होता. दुकानाच्या भांडवलापोटी आपण दिलेले पाच हजार रुपये या दिवाळीच्या हिशेबात मुनीमजींच्या हाती परत पाठवले आहेत, ते जमा करून घ्यावेत आणि खाते चुकते करावे, असे त्यात लिहिले होते. वर तिथी होती, ‘मिगसर वद १३’. संवत लिहिलेला नव्हता.

या चार ओळींचे मोल त्या घरालाच ठाऊक होते. धाकटे आजोबा ७ डिसेंबर १९७१ रोजी अचानक वारले. त्या वर्षीची नगरची चोपडी पुढे ओलीने गेली. थोरल्या आजोबांनी स्वतः कधी शब्द काढला नाही. पण त्यांच्या पश्चात पुढच्या पिढीत कोणीतरी बोलून गेले, की शेवगावकरांकडे पाच हजार राहिलेच. तेव्हापासून दोन्ही घरांत लग्नपत्रिका जात, माणसे मात्र जात नसत.

थोरल्या आजोबांच्या नातवाने पत्र वाचले आणि जुने पंचांग काढून तिथी ताडून पाहिली. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी १९७१ साली डिसेंबरच्या मध्यावर येत होती. म्हणजे पत्र लिहिणारा पत्र लिहिण्याच्या आठवडाभर आधीच वारलेला! कोणीतरी मागाहून हे पत्र तयार करून पेटीत ठेवले असावे, असा त्याचा समज झाला. समज होण्यासारखीच ती गोष्ट होती. तिकिटे जमवणाऱ्या भाच्यासाठी पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून काढून घ्यावे आणि बाकीचे कागद रद्दीत टाकावेत, इथपर्यंत त्याचा विचार गेला होता. सुदैवाने त्याच दिवशी घरी आलेल्या मामाआजोबांनी पाकीट हातात घेतले. ऐन उमेदीत त्यांना टपालाच्या तिकिटांचा नाद होता. ‘‘तिकीट काढलेस तर साक्षीदार गेला,’’ ते म्हणाले. ‘‘तिकीट पाकिटावर आहे आणि त्यावर शिक्का आहे, तोवरच ते बोलते.’’

प्रथम त्यांनी पाकीटच पाहिले. ते टपाल कचेरीत मिळणारे, अशोकस्तंभाचे चित्र छापलेले वीस पैशांचे पाकीट होते. किमतीपुढे केवळ पैशाचे अक्षर होते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि १९६४ पर्यंत त्यांना ‘नये पैसे’ म्हणत, त्यामुळे त्या काळच्या तिकिटांवरही ‘नये पैसे’ असेच छापलेले असे. तो शब्द येथे नव्हता. शिवाय साध्या पत्राचा दर १९६८ मध्ये वीस पैसे झाला आणि १९७४ मध्ये पंचवीस. म्हणजे पाकीट त्या सहा वर्षांच्या आतबाहेरचे. पत्त्यात पिनकोड नव्हता. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली; पण पुढे कित्येक वर्षे व्यापारी मंडळी तो लिहीतच नसत, तेव्हा पिनकोड नसण्याला त्यांनी पुरावा मानले नाही. पत्ता अर्थातच ‘अहमदनगर’ असा होता. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले ते २०२४ मध्ये.

खरा बोलका भाग होता वीस पैशांच्या छापील चित्राशेजारी चिकटवलेले पाच पैशांचे तिकीट. ते कुटुंबनियोजनाचे, लाल छटेचे तिकीट होते. त्या काळी ते इतके सर्रास वापरात होते, की संग्राहक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण भिंगातून पाहताच त्यावर काळ्या शाईत दुसरी छपाई दिसली. हिंदीत ‘शरणार्थी सहायता’ आणि इंग्रजीत त्याच अर्थाचे शब्द. वीस पैशांचे पाकीट पुरेसे असताना हे पाच पैसे वर का, याचे उत्तर त्या दोन शब्दांत होते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढून टपालावर कर बसवला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून, काही अपवाद वगळता, प्रत्येक टपालावर नेहमीच्या दराखेरीज पाच पैशांचे तिकीट लावणे सक्तीचे झाले. त्यासाठी वेगळे तिकीट तयार होण्यास वेळ नव्हता. म्हणून नाशिकच्या सरकारी छापखान्याने हाताशी असलेल्या पाच पैशांच्या तिकिटांवरच हे शब्द छापले. तोही साठा सर्व ठिकाणी वेळेवर पोहोचला नाही. तेव्हा काही शहरांतील टपाल कचेऱ्यांनी रबरी शिक्के करून हाताने ते शब्द उमटवले. निर्वासितांचे चित्र असलेले खास तिकीट १ डिसेंबर १९७१ रोजी निघाले आणि कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला.

या तिकिटांत बनावट माल पुष्कळ असतो, कारण रबरी शिक्का कोणालाही करता येतो. मामाआजोबांनी म्हणून दोन गोष्टी पाहिल्या. अक्षरांच्या कडा स्वच्छ होत्या, शाई कागदात पसरलेली नव्हती. तेव्हा ती छापखान्यातील छपाई होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टपालाच्या शिक्क्याची शाई त्या शब्दांच्या वरून गेली होती, खालून नव्हे. आणि त्या गोल शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर, तर उरलेला अर्धा पाकिटाच्या कागदावर अखंड उतरला होता. मागाहून चिकटवलेल्या तिकिटावर वर्तुळ असे सलग जुळत नाही, कोठेतरी रेघ सरकते.

एवढ्यावरून पाकीट १५ नोव्हेंबर १९७१ च्या आधीचे नाही आणि मार्च १९७३ च्या नंतरचे असण्याचे कारण नाही, हे ठरले. पण नातवाचा प्रश्न तसाच उभा होता. नोव्हेंबर की डिसेंबर?

आपल्याकडील टपालाच्या शिक्क्यात गोलाच्या कडेने कचेरीचे नाव असते आणि मध्ये आधी दिवस, मग महिन्याची इंग्रजी अक्षरे, मग वर्षाचे दोन आकडे. पुढच्या बाजूचा शिक्का पत्र टाकलेल्या कचेरीचा. तेथे ‘शेवगाव’ आणि ‘१७’ स्पष्ट होते. महिना मात्र नेमका तिकिटाच्या गडद रंगावर आल्याने बुडाला होता आणि वर्षाचा फक्त ‘७’ उरला होता. अशा वेळी बहुतेक जण निराश होऊन पाकीट खाली ठेवतात. पण पाकिटाला मागची बाजूही असते. पत्र पोहोचल्यावर वाटप करणारी कचेरी तेथे आपला शिक्का मारीत असे, आणि मागे चित्र नसल्याने तो पुष्कळदा अधिक वाचनीय असतो. खोली अंधारी करून त्यांनी विजेरीचा झोत पाकिटाच्या पातळीत, अगदी बाजूने टाकला. शिक्क्याच्या दाबाने कागदावर पडलेल्या खाचा त्यामुळे सावलीसारख्या उठून दिसू लागल्या. ‘अहमदनगर’, ‘१८’ आणि महिन्याचे शेवटचे अक्षर. ते अक्षर खाली टोकदार होते. डिसेंबरच्या संक्षेपाचे शेवटचे अक्षर ‘सी’, ते गोलाकार असते. नोव्हेंबरच्या संक्षेपाचे ‘व्ही’. मोबाईलवर छायाचित्र काढून मोठे करून पाहिले तरी टोक टोकच राहिले. पत्र १७ नोव्हेंबरला शेवगावहून निघून १८ ला नगरला पोहोचले होते.

‘‘पण मग तिथी?’’ नातवाने विचारले.

मामाआजोबा हसले. ‘‘तुम्ही मराठी शाळेत शिकलात, म्हणून पंचांगही मराठी पाहिलेत. तुमचे धाकटे आजोबा मारवाडी मिती लिहीत.’’

महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये महिना अमावास्येला संपतो. मारवाडात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात यामुळे काही फरक पडत नाही, दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र मारवाडी महिना एक पाऊल पुढे असतो. आपण ज्याला कार्तिक वद्य म्हणतो तो त्यांचा मिगसर वद. नातवाने पंचांगाची पाने उलटी फिरवली. १९७१ साली पौर्णिमा २ नोव्हेंबरला होती, अमावास्या १८ च्या सकाळी संपत होती. कार्तिक वद्य त्रयोदशी म्हणजे १५-१६ नोव्हेंबर. एक-दोन दिवसांनी शेवगावच्या टपालात पत्र पडले, असे धरले की शिक्का आणि मिती एकमेकांशी चोख जुळत होत्या. जुन्या मारवाडी चोपड्यांच्या तारखा लावताना ही चूक सर्रास होते, आणि ती नेमकी एका महिन्याची असते.

वर्षाचा पुसलेला आकडा राहिला. कर दोन नोव्हेंबरांत होता, १९७१ आणि १९७२. पण १९७२ साली पौर्णिमा २० नोव्हेंबरला आणि पुढची २० डिसेंबरला होती. त्या वर्षीच्या दोन्ही महिन्यांची १७ तारीख शुद्ध पक्षात येते. वद १३ ला लिहिलेले पत्र तेव्हा १७ तारखेला निघू शकत नाही. लिहिणारा तर त्याआधी वर्षभर नव्हताच.

नातू बँकेतल्या कर्जाच्या कागदांत मुरलेला. त्याने शेवटची शंका काढली. शिक्का पाकिटाचा आहे, पत्राचा नाही. जुन्या पाकिटात नवे पत्र घालता येतेच. ही शंका योग्य होती आणि ती बहुधा कोणी काढत नाही. मामाआजोबांनी पत्र व पाकीट एकमेकांवर ठेवले. टाचणीच्या गंजाचे दोन तांबडे डाग दोन्ही कागदांवर एकाच अंतराने, एकाच तिरप्या रेषेत होते. पत्राच्या घड्या पाकिटाच्या मापात बरोबर बसत होत्या, आणि हस्ताक्षर पत्त्यावर व पत्रात एकच होते. कागद बरीच वर्षे एकत्र होते, इतके यावरून म्हणता येते. रक्कम मुनीमजींनी पेढीवर पोहोचवली की नाही, हे मात्र कोणताही शिक्का सांगत नाही. ते सांगणारी चोपडी गेलेली आहे. पण धाकट्या आजोबांनी हयातीत, सही-सलामत असताना, पैसे पाठवल्याचे लिहिले होते आणि ते पत्र थोरल्या भावाच्या हाती पडले होते. त्यांनी ते टाचून जपून ठेवले आणि पुढची सगळी वर्षे पैशाची गोष्ट काढली नाही.

गंजलेली टाचणी हलकेच काढून टाकली गेली. चिकटपट्टी नाही, प्लास्टिकचा मुलामा नाही; पत्र आणि पाकीट दोन कोऱ्या कागदांत घालून एका पुठ्ठ्याच्या कव्हरात ठेवले. ज्ञानपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नातू ते घेऊन शेवगावला गेला. चुलतकाकांनी चष्मा लावला, पत्र वाचले, मग पाकीट उलटे करून मागचा शिक्का बराच वेळ पाहिला आणि आत जाऊन दोघांसाठी चहा टाकायला सांगितले.